तिघांत लहान कोण : घरभाडे भत्त्याची करसूट आणि MIN

पगारदाराला मिळणारा घरभाडे भत्ता हा मुळात पगाराचाच भाग असतो आणि म्हणून तो करपात्र असतो. मात्र जो कर्मचारी खरोखरच भाड्याच्या घरात राहतो आणि भाडे भरतो, त्याच्या भत्त्याचा काही हिस्सा आयकर कायदा, 1961 मधील कलम 10(13A) करातून वगळते. हा हिस्सा किती, हे कलम स्वतः सांगत नाही, तर आयकर नियम, 1962 मधील नियम 2अ सांगतो, आणि तो ज्या रीतीने सांगतो ती रीत स्प्रेडशीटमधील MIN या फलनाशी तंतोतंत जुळणारी आहे. नियमात तीन रकमा काढायला सांगितल्या आहेत आणि त्यांतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त धरायची आहे. पहिली रक्कम म्हणजे त्या काळात प्रत्यक्ष मिळालेला घरभाडे भत्ता. दुसरी म्हणजे भरलेल्या भाड्यातून वेतनाचे दहा टक्के वजा करून उरणारी रक्कम. आणि तिसरी म्हणजे भाड्याचे घर मुंबई, कोलकाता, दिल्ली किंवा चेन्नई येथे असल्यास वेतनाचे पन्नास टक्के, आणि इतरत्र कोठेही असल्यास चाळीस टक्के. पुढील विवेचन याच कायद्याखालील 2024-25 या आर्थिक वर्षाला धरून केले आहे.

तीन रकमांपैकी प्रत्येकीचे काम वेगळे आहे आणि ते लक्षात घेतले की ‘सर्वांत कमी’ ही अट मनमानी वाटत नाही. जो भत्ता मिळालाच नाही त्यावर सूट देता येत नाही, म्हणून पहिली मर्यादा. वेतनाचा दहावा भाग निवाऱ्यावर खर्च होणे हे कोणत्याही कुटुंबाला स्वाभाविक मानून त्यापलीकडच्या भाड्याचाच विचार करायचा, ही दुसऱ्या मर्यादेमागची भूमिका दिसते. तिसरी मर्यादा नसती, तर मूळ वेतन नाममात्र ठेवून उरलेला सगळा पगार घरभाडे भत्ता या नावाखाली देण्याची पळवाट खुली राहिली असती. या तिन्ही मर्यादा एकाच वेळी लागू असतात, म्हणजे सूट त्यांपैकी कोणत्याही एकीपेक्षा मोठी असता कामा नये. आणि अनेक मर्यादा एकदम पाळायच्या असतील तर उत्तर नेहमी त्यांतल्या सर्वांत लहान मर्यादेइतकेच येते. MIN नेमके हेच करते.

येथे ‘वेतन’ हा शब्द कशासाठी वापरला आहे ते आधी नक्की करावे लागते, कारण तीनपैकी दोन रकमा त्यावर अवलंबून आहेत. पगारपत्रकाच्या तळाशी छापलेली एकूण रक्कम म्हणजे हे वेतन नव्हे. त्यात मूळ वेतन येते; नोकरीच्या अटींनुसार निवृत्तीचे लाभ ठरवताना महागाई भत्ता जमेस धरला जात असेल तर तोही येतो; आणि विक्रीच्या ठरावीक टक्केवारीने मिळणारी दलालीही न्यायालयीन निर्णयांनुसार त्यात धरली जाते. वाहतूक भत्ता, विशेष भत्ता, अधिलाभांश आणि स्वतः घरभाडे भत्ता यांतले काहीही त्यात येत नाही. सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत महागाई भत्ता साधारणपणे धरला जातो, तर अनेक खासगी कंपन्यांत महागाई भत्ता नावाचा घटकच नसल्याने वेतन म्हणजे केवळ मूळ वेतन असा अर्थ होतो. एकूण पगार चुकून वेतन म्हणून घेतला तर सूट फुगते असा समज असतो, पण तो अर्धाच खरा आहे. तिसरी मर्यादा त्यामुळे वाढते हे खरे, परंतु दुसऱ्या रकमेतून वजा होणारा दहा टक्क्यांचा भागही वाढतो, आणि बहुतेक भाडेकरूंच्या बाबतीत दुसरी रक्कमच सर्वांत लहान असल्याने ही चूक करणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दरमहा 50,000 रुपये आहे, महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता 20,000 रुपये आहे आणि तो कोथरूडमधील सदनिकेचे 18,000 रुपये भाडे देतो. पहिली रक्कम 20,000 रुपये. दुसरी रक्कम 18,000 रुपयांतून 5,000 रुपये वजा जाऊन 13,000 रुपये. पुणे हे चार शहरांत मोडत नसल्याने तिसरी रक्कम 50,000 रुपयांचे चाळीस टक्के, म्हणजे 20,000 रुपये. सर्वांत लहान रक्कम 13,000 रुपये असल्याने दरमहा तेवढा भत्ता करमुक्त ठरतो आणि उरलेले 7,000 रुपये करपात्र उत्पन्नात मिळवले जातात.

या आकड्यांत भाडे बदलत नेले की सूत्राचा स्वभाव कळतो. भाडे 5,000 रुपयांपर्यंत असेल तर सूट शून्य राहते. त्यापुढे भाड्याचा प्रत्येक वाढीव रुपया सूटही एका रुपयाने वाढवतो, पण हे फक्त 25,000 रुपयांपर्यंत चालते. तेथे दुसरी रक्कम 20,000 रुपयांना पोचते, आणि नंतर भाडे तीस हजार असो की चाळीस हजार, सूट जागची हलत नाही. याउलट भाडे तेच ठेवून वेतन वाढवले, तर जे घडते ते अनेकांना अनपेक्षित वाटते. मूळ वेतन 60,000 रुपये आणि भत्ता 24,000 रुपये झाला, परंतु भाडे 18,000 रुपयेच राहिले, तर दुसरी रक्कम 12,000 रुपयांवर उतरते. पगारवाढीने सूट एक हजाराने कमी झाली आणि भत्त्यातील करपात्र भाग सात हजारांवरून बारा हजारांवर गेला. कंपनीने घरभाडे भत्ता वाढवला म्हणून सूटही वाढेल ही अपेक्षा म्हणूनच भाडेकरूच्या बाबतीत बहुधा फोल ठरते. तीन रकमांपैकी जी सर्वांत लहान आहे ती हलल्याशिवाय उत्तर हलत नाही.

तिसऱ्या रकमेतील शहर म्हणजे भाड्याचे घर ज्या शहरात आहे ते शहर. कार्यालय कोठे आहे याला महत्त्व नाही. नरिमन पॉइंटला रोज लोकलने जाणारा, पण डोंबिवलीत भाड्याने राहणारा कर्मचारी चाळीस टक्क्यांच्या गटात येतो, कारण त्याचे घर मुंबईत नाही. ठाणे आणि नवी मुंबई यांनाही हेच लागू पडते. बोलण्यात या साऱ्या परिसराला सर्रास मुंबई म्हटले जात असल्याने पन्नास टक्के लिहिण्याची चूक येथे सहज होते.

हे सगळे स्प्रेडशीटमध्ये मांडताना प्रत्येक महिन्याला एक ओळ द्यावी आणि पाच स्तंभ भरावेत : A मध्ये महिना, B मध्ये वेतन, C मध्ये मिळालेला घरभाडे भत्ता, D मध्ये भरलेले भाडे आणि E मध्ये घराच्या गावानुसार 0.5 किंवा 0.4. सहाव्या, म्हणजे F स्तंभात सूट काढायची. पहिल्या महिन्याची ओळ दुसऱ्या क्रमांकावर असल्यास सर्वांना प्रथम सुचणारे सूत्र असे असते :

```
=MIN(C2,D2-0.1*B2,E2*B2)
```

नियमाचे हे शब्दशः रूपांतर असूनही ते जसेच्या तसे वापरण्याजोगे नाही. भाडे वेतनाच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, किंवा एखाद्या महिन्यात मुळीच भरले नसेल, तर दुसरी रक्कम ऋण होते, आणि MIN तिन्हींतली सर्वांत लहान रक्कम निवडत असल्यामुळे तीच ऋण रक्कम उत्तर म्हणून येते. ऋण सूट ही कल्पना कायद्यात नाही. भाडे त्या मर्यादेपलीकडे गेलेच नसेल तर सूट नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून MIN च्या बाहेर MAX चे कुंपण घालावे लागते, जे उत्तराला शून्याच्या खाली उतरू देत नाही :

```
=MAX(0,MIN(C2,D2-0.1*B2,E2*B2))
```

दुसरा दोष अधिक लपून राहणारा आहे आणि तो MIN च्या एका सवयीतून येतो. एखाद्या सेलचा पत्ता MIN ला दिला आणि त्या सेलमध्ये संख्या नसेल, म्हणजे ती रिकामी असेल किंवा तिच्यात मजकूर असेल, तर MIN तिला शून्य न मानता सरळ गाळून टाकते. त्यामुळे ज्याला घरभाडे भत्ता मिळतच नाही अशा कर्मचाऱ्याच्या ओळीत C2 रिकामी सोडली, तर पहिली मर्यादा स्पर्धेतूनच बाहेर पडते आणि वरच्या पुण्याच्या आकड्यांवर सूत्र 13,000 रुपयांची सूट बिनदिक्कत दाखवते, जेव्हा खरे उत्तर शून्य आहे. (भत्ता न मिळणाऱ्या भाडेकरूसाठी कायद्यात कलम 80GG ही वेगळी तरतूद आहे आणि तिची मर्यादा दरमहा 5,000 रुपयांपलीकडे जात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ही चूक किती मोठी आहे ते कळते.) C2 मध्ये ‘12000 रु.’ असा मजकूर टंकला तरी असेच घडते : 12,000 रुपयांची मर्यादा गळून जाते आणि उत्तर 13,000 येते. गंमत अशी, की हाच मजकूर भाड्याच्या D2 मध्ये असता तर वजाबाकी अडली असती आणि पडद्यावर #VALUE! उमटून चूक उघडी पडली असती. वजाबाकी चुकीच्या नोंदीची तक्रार करते, MIN मात्र ती मुकाट्याने वगळते.

असा मजकूर ओळखण्याची एक खूण म्हणजे संरेखन बदललेले नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला बसते आणि मजकूर डाव्या कडेला. पण बारा ओळींत डोळ्यांवर भिस्त ठेवण्यापेक्षा सूत्रालाच मोजायला लावावे. COUNT हे फलन फक्त संख्या मोजते. B ते E या चार सेलमध्ये चार संख्या नसतील तर हिशेब थांबवायचा :

```
=IF(COUNT(B2:E2)<4,"तपासा",MAX(0,MIN(C2,D2-0.1*B2,E2*B2)))
```

यामुळे भाडे न भरलेल्या महिन्यात D ची सेल रिकामी न सोडता तेथे 0 लिहावाच लागतो, आणि ‘भाडे नव्हते’ व ‘भाडे नोंदवायचे राहिले’ या दोन भिन्न गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. येथे एक सावधगिरी हवी : वर्षाची बेरीज करताना SUM ‘तपासा’ या मजकुराला गाळते, म्हणून F स्तंभात हा शब्द कोठेही उरलेला नाही हे पाहिल्यावरच बेरजेवर विश्वास ठेवावा.

मात्र या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा एका ओळीच्या सूत्राचा नाही. MIN आधी की बेरीज आधी, हा तो प्रश्न आहे. नियम 2अ तिन्ही रकमा ‘संबंधित काळा’साठी काढायला सांगतो, आणि संबंधित काळ म्हणजे वर्षातील जेवढा काळ ते भाड्याचे घर कर्मचाऱ्याच्या ताब्यात होते तेवढाच. वेतन, भत्ता, भाडे आणि शहर हे चारही घटक वर्षभर स्थिर असतील तर एका महिन्याचे उत्तर बाराने गुणले काय किंवा वार्षिक बेरजांवर एकदाच MIN लावले काय, आकडा एकच येतो, आणि म्हणूनच वार्षिक बेरजांची सवय अनेकांना निर्धोक वाटते. चारांपैकी एकही घटक मध्येच बदलला की दोन्ही पद्धतींत फरक पडू शकतो, आणि मग ज्या काळात हे घटक स्थिर होते त्या प्रत्येक काळाचा हिशेब स्वतंत्र करून शेवटी बेरीज करणे हाच योग्य मार्ग ठरतो.

पुण्याचाच कर्मचारी पुन्हा घेऊ. एप्रिल ते सप्टेंबर 2024 या सहा महिन्यांत तो कोथरूडला राहिला. ऑक्टोबरपासून त्याची मुंबईला बदली झाली, भत्ता 25,000 रुपये झाला आणि त्याने दादरला 34,000 रुपये भाड्याने घर घेतले. मूळ वेतन 50,000 रुपयेच राहिले. मार्च 2025 मध्ये त्याने मुंबईतच घेतलेल्या स्वतःच्या सदनिकेचा ताबा मिळाल्याने भाड्याचे घर सोडले, पण भत्ता चालूच राहिला. पहिल्या सहा महिन्यांची सूट दरमहा 13,000 रुपयांप्रमाणे 78,000 रुपये होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत भत्ता 25,000, भाडे वजा दहा टक्के 29,000 आणि वेतनाचे पन्नास टक्के 25,000 रुपये असल्याने सूट दरमहा 25,000, म्हणजे एकूण 1,25,000 रुपये येते. मार्चमध्ये स्वतःच्या घरात राहिल्याने आणि भाडे भरले नसल्याने सूट शून्य. वर्षाची सूट 2,03,000 रुपये झाली. वर्षभरात भत्ता 2,70,000 रुपये मिळालेला असल्याने 67,000 रुपये करपात्र राहतात.

आता हेच बारा महिन्यांच्या बेरजांवर केले तर काय होते ते पाहू. सूत्र असे असते :

```
=MIN(SUM(C2:C13),SUM(D2:D13)-0.1*SUM(B2:B13),SUMPRODUCT(B2:B13,E2:E13))
```

भत्त्याची बेरीज 2,70,000 रुपये. भाड्याची बेरीज 1,08,000 आणि 1,70,000 मिळून 2,78,000 रुपये, तिच्यातून 6,00,000 रुपयांचे दहा टक्के वजा जाता 2,18,000 रुपये. तिसरी बेरीज, म्हणजे महिन्यागणिक वेतन गुणिले टक्का, पुन्हा 2,70,000 रुपये. उत्तर येते 2,18,000 रुपये, म्हणजे योग्य आकड्यापेक्षा 15,000 रुपये जास्त. हे पंधरा हजार कोठून आले, याचा माग काढता येतो. दादरच्या पाच महिन्यांत दुसरी रक्कम प्रत्यक्ष सुटीपेक्षा दरमहा 4,000 रुपयांनी मोठी होती; तो वाढावा भत्ता आणि पन्नास टक्के या मर्यादांनी अडवलेला होता आणि कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. बेरीज आधी केल्याबरोबर हे वीस हजार रुपये कोथरूडच्या महिन्यांतील मोकळ्या जागेत शिरले. मार्चच्या शून्य भाड्यामुळे आलेल्या उणे 5,000 रुपयांनी त्यातले पाच हजार खाल्ले आणि निव्वळ फुगवटा पंधरा हजारांचा राहिला.

ही केवळ या आकड्यांची करामत नाही. प्रत्येक महिन्याच्या तीन मर्यादांतली सर्वांत लहान निवडून केलेली बेरीज ही बेरजांतली सर्वांत लहान निवडून आलेल्या रकमेपेक्षा कधीही मोठी असू शकत नाही, कारण प्रत्येक महिन्याची निवड तिन्ही स्तंभांतील त्या महिन्याच्या आकड्यापेक्षा लहान किंवा तेवढीच असते आणि म्हणून तिची बेरीजही तिन्ही बेरजांपेक्षा लहान किंवा तेवढीच राहते. MAX चे कुंपण घातल्यावर मात्र हा नियम तसाच टिकत नाही : भाडे नसलेले महिने पुष्कळ असतील आणि वार्षिक बेरजेत त्यांचे ऋण आकडे शिरत असतील, तर वार्षिक पद्धत सूट वाढवण्याऐवजी कमीही दाखवू शकते. समजा हाच कर्मचारी वर्षभर पुण्यात राहिला, पण त्यातले सहा महिने वडिलांच्या घरी भाडे न देता काढले. मग महिन्यांच्या हिशेबाने सूट 78,000 रुपये येते, तर वार्षिक हिशेबाने 1,08,000 रुपयांतून 60,000 वजा जाऊन केवळ 48,000 रुपये. म्हणजे वार्षिक बेरजा चुकल्या तर सरकारचेच नुकसान होते असे नाही.

घर महिन्याच्या मध्यावर बदलले तर त्या महिन्याच्या दोन ओळी कराव्यात आणि वेतन, भत्ता व भाडे त्या त्या दिवसांच्या प्रमाणात वाटून घ्यावेत. वेतनाच्या स्तंभात त्या काळासाठी देय असलेले वेतन धरायचे असते, हातात कधी आले ते नव्हे. म्हणून महागाई भत्त्याची मागील वर्षाची थकबाकी या वर्षी एकरकमी मिळाली तरी ती या वर्षाच्या B स्तंभात घालता येत नाही. घातली तर त्या एका महिन्यात दहा टक्क्यांची वजावट अकारण फुगते.

हा सगळा हिशेब जुनी करप्रणाली निवडणाऱ्यासाठीच आहे. कलम 115BAC खालील नव्या प्रणालीत, जी 2023-24 या आर्थिक वर्षापासून आपोआप लागू होते, घरभाडे भत्त्याची सूट मिळत नाही आणि भत्ता पूर्णपणे करपात्र असतो. जुनी प्रणाली निवडणारा कर्मचारी भाड्याचा तपशील फॉर्म 12BB मध्ये कार्यालयाला देतो, आणि वर्षाचे भाडे एक लाख रुपयांहून अधिक असेल तर घरमालकाचा पॅन त्यात लिहावा लागतो. कार्यालयाने धरलेली सूट फॉर्म 16 च्या भाग ‘ब’ मध्ये करमुक्त भत्त्यांखाली दिसते. वरील कर्मचाऱ्याच्या फॉर्म 16 मध्ये तेथे 2,03,000 ऐवजी 2,18,000 रुपये दिसले, तर कार्यालयाने वार्षिक बेरजांवर MIN लावले असे लगेच ओळखता येते; आणि 1,98,000 रुपये दिसले, तर हिशेब महिन्यांनुसारच झाला पण मार्चचे उणे पाच हजार MAX अभावी बेरजेत शिरले असे समजावे. दोन्ही प्रसंगी विवरणपत्र भरताना योग्य आकडा लिहिता येतो, आणि पहिल्या प्रसंगी तो लिहिला की 15,000 रुपयांवरचा राहिलेला करही त्याच वेळी भरावा लागतो.